थुंकीच्या स्लाईडवर टीबीचे जंतू कसे ओळखायचे आणि स्कॅन्टी, १+, २+, ३+ कसं ठरवायचं

लॅबमध्ये नवीन लागलेली मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात, की "सर, हा लाल दिसतोय तो जंतूच आहे ना?" आणि दुसरा प्रश्न, जो खरं तर जास्त महत्त्वाचा आहे पण कमी विचारला जातो, तो म्हणजे "काहीच दिसत नाहीये, आता थांबू का?" हा लेख या दोन प्रश्नांवरच आहे. झील-नील्सन म्हणजे आपली रोजची झेडएन पद्धत, साधा लाइटचा मायक्रोस्कोप, १०० एक्सची ऑइल लेन्स, हे धरून लिहितोय. एलईडी फ्लोरेसन्सचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे थोडक्यात सांगतो.

आता निदानासाठी सीबीनॅट आणि ट्रूनॅट आधी करायचं धोरण आहे हे बरोबर, पण उपचार चालू असताना दोन महिन्यांनी आणि शेवटी स्मिअरच बघितला जातो, शिवाय मशीन बंद, कार्ट्रिज संपलंय अशा दिवशी सगळे परत मायक्रोस्कोपकडेच येतात. तेव्हा स्लाईड वाचता आली पाहिजे.

स्लाईड लेन्सखाली जाण्याआधी

अर्ध्याहून जास्त गोंधळ इथेच होतो असं माझं मत आहे, म्हणून थोडं थांबतो. नमुना म्हणजे छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, घट्टसर, पिवळट किंवा पांढुरका, २ ते ५ मिली. पेशंट तोंडातली लाळ टाकून डबी देतो आणि आपण नंबर टाकून घेतो, मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो तो पेशंटचा नाही, लाळेचा रिपोर्ट असतो. लाळेसारखा नमुना आला तर पेशंटला परत नीट समजावून दुसरा मागायचा, आणि तो मिळणारच नसेल तर आहे तोच तपासायचा पण रिपोर्टवर "लाळेसारखा" असं लिहायचं.

डबीत काडी घालून त्यातला सगळ्यात दाट, पू असलेला कण उचलायचा. जंतू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, त्या पिवळ्या गाठीतच जास्त सापडतात, त्यामुळे वरचं पाणी उचललं की खेळ संपला. आपल्याकडे झाडूची काडी तोडून वापरतात, ती टोकाला थोडी तुटकी, फाटलेली असली की बेडका चांगला धरते, प्लॅस्टिकच्या गुळगुळीत काडीपेक्षा ती बरी. एका नमुन्याला एक काडी, वापरून झाली की ५ टक्के फिनॉलमध्ये.

स्लाईड नवीन कोरी हवी, धुतलेली जुनी नको, का ते पुढे सांगतो. एका टोकाला डायमंड पेन्सिलने नंबर, मग मधोमध ३ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद एवढा स्मिअर, छोटे छोटे गोल फिरवत. जाडी बघायची सोपी युक्ती आहे, स्मिअर वाळला की छापील कागदाच्या वर ४-५ सेंमीवर स्लाईड धरायची, अक्षरं वाचता आली तर ठीक, अजिबात दिसेना तर जाड झालाय आणि अशा स्मिअरचा थर धुताना निघून जातो, आणि कागद जसाच्या तसा लख्ख दिसला तर पातळ. स्मिअर हवेतच वाळू द्यायचा, १५ ते ३० मिनिटं, ओला असताना आचेवर धरायचा नाही. वाळल्यावर स्मिअरची बाजू वर ठेवून ज्योतीवरून ३ ते ५ वेळा फिरवायचा, दरवेळी ३-४ सेकंद.

स्टेनिंगचं थोडक्यात: १ टक्का कार्बोल फ्यूशिन गाळून पूर्ण स्लाईड झाकेल एवढं ओतायचं, खालून ज्योत फिरवत वाफ निघेपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि ५ मिनिटं तसंच ठेवायचं, मधे वाळायला लागलं तर अजून फ्यूशिन घालायचं. पाण्याने धुवायचं, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड २ ते ४ मिनिटं, धुवायचं, अजून लाल दिसत असेल तर परत १ ते ३ मिनिटं ॲसिड. नंतर ०.१ टक्का मिथिलीन ब्लू ३० सेकंद, धुवून उभी वाळत ठेवायची, टिपकागदाने पुसायची नाही कारण एकाच कागदाने दोन स्लाईड टिपल्या की एकीचे जंतू दुसरीवर जातात.

यात उष्णतेची स्टेप सगळ्यात जास्त ढिली पडते. टीबीच्या जंतूच्या भिंतीत मायकोलिक ॲसिडचा मेणचट थर असतो, थंड फ्यूशिन त्यातून नीट आत शिरत नाही, उष्णता आणि फिनॉल मिळून ते आत नेतात, आणि एकदा आत बसलं की ॲसिडनेही सहज निघत नाही. म्हणूनच त्यांना ॲसिड-फास्ट बॅसिलाय, एएफबी, म्हणतात. बाकीच्या पेशी आणि साधे जंतू ॲसिडमध्ये रंग सोडतात आणि मग निळे होतात. नीट तापवलेलं नसेल तर जंतू फिकट गुलाबी दिसतात किंवा दिसतच नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं की ॲसिड जास्त झालं. बरेचदा दोष तापवण्यात असतो.

रंगाची नवीन बाटली उघडली की एक माहीत असलेली पॉझिटिव्ह आणि एक माहीत असलेली निगेटिव्ह स्लाईड तिने रंगवून बघायची. पॉझिटिव्हमध्ये जंतू लालभडक आणि निगेटिव्हमध्ये एकही लाल काडी नाही, असं असेल तरच पुढे. कंट्रोल बिघडला तर त्या बॅचमधली एकही स्लाईड रिपोर्ट करायची नाही, नवीन रंगाने परत.

लेन्स लावणं

आधी १० एक्सवर बघायचं. इथे जंतू शोधायचे नाहीत, स्मिअर चांगला आहे का ते बघायचं. पू असलेला खरा बेडका असेल तर एका फिल्डमध्ये २५ पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी दिसतात. नुसत्या मोठ्या चपट्या तोंडाच्या पेशी दिसल्या तर लाळ आहे. शिवाय इथेच कळतं की स्मिअर कुठे जाड, कुठे धुवून गेलाय, म्हणजे वाचायला कुठली पट्टी घ्यायची.

मग तेलाचा एक थेंब, ड्रॉपर स्लाईडला टेकवायचा नाही, वरून सोडायचा. हे फार जण करत नाहीत. ड्रॉपरचं टोक पॉझिटिव्ह स्लाईडला लागलं की ते जंतू बाटलीत, आणि मग पुढच्या कितीतरी स्लाईडवर एखाददुसरा जंतू तरंगत येतो. कंडेन्सर वर, डायफ्रॅम उघडा, प्रकाश भरपूर. रंग बघायचाय ना, कमी प्रकाशात लाल आणि जांभळा सारखेच दिसतात. सिडरवुड तेल नको, ते वाळून लेन्सवर घट्ट बसतं.

जंतू दिसतो कसा

निळ्या पार्श्वभूमीवर लालसर-गुलाबी, म्हणजे आपण राणी कलर म्हणतो त्याच्या जवळ जाणारी, बारीक काडी. लांबी साधारण १ ते १० मायक्रॉन, बहुतेक वेळा २ ते ४. शेजारच्या पांढऱ्या पेशीशी तुलना केली की अंदाज येतो, पेशीच्या आडव्या मापापेक्षा बहुतेक जंतू खूपच लहान असतात. काडी सरळ असेलच असं नाही, थोडीशी वाकलेली असते, आणि बरेचदा तिच्यात मधेमधे गडद-फिकट ठिपके असतात, मणी ओवल्यासारखे. टोकं गोलसर. कधी एकटी, कधी दोन काड्या टोकाशी जुळून इंग्रजी व्ही किंवा एल सारख्या, कधी पाच-दहा एकत्र, कधी दोरीसारखा गुच्छ.

पण रंग आणि आकार एवढ्यावर ठरवू नका. माझ्या मते खरी परीक्षा फोकसची आहे. फाइन नॉब सतत थोडा पुढेमागे फिरवत राहायचा, बोट त्यावरून काढायचंच नाही. स्मिअरचा थर ऑइल लेन्सच्या फोकसपेक्षा जाड असतो, त्यामुळे एकाच फोकसवर बसून राहिलं तर वरचे-खालचे जंतू निसटतात. आणि दुसरं, जंतू त्याच पातळीवर फोकसमध्ये येतो ज्या पातळीवर आजूबाजूच्या पेशी आणि म्युकसचे धागे येतात. त्याची कडा स्वच्छ आणि रंग आतून भरलेला, नॉब हलवला की तो हळूहळू धूसर होतो पण चमकत नाही. याउलट कचरा, स्फटिक वगैरे एकतर पेशींच्या वरच्या किंवा खालच्या पातळीवर फोकस होतात, आणि नॉब फिरवला की त्यांची कडा चकाकते, मधेच पांढरट किंवा काळी होते. हे एकदा डोळ्यात बसलं की "हा जंतूच ना?" हा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. शिकताना पॉझिटिव्ह कंट्रोल स्लाईडवर एकाच जंतूवर थांबून नॉब मुद्दाम वरखाली करून बघा, आणि मग स्मिअरच्या बाहेर रंगाचा एखादा कण शोधून त्याच्याशी तसंच करा. फरक लगेच कळेल.

जंतूसारखं दिसणारं पण जंतू नसलेलं

फ्यूशिनचे स्फटिक सगळ्यात जास्त फसवतात. ते गडद लाल, कधी जवळजवळ काळे, टोकदार, सुईसारखे आणि अनेकदा झुबक्याने असतात. ओळखायची पक्की खूण अशी की ते स्मिअरच्या बाहेर कोऱ्या काचेवरही असतात. म्हणून शंका आली की स्टेज सरकवून स्मिअरच्या कडेबाहेर बघायचं, तिथेही तशाच लाल काड्या दिसल्या तर रंग गाळलेला नाही किंवा तापवताना वाळला. परत स्मिअर करा, रंग गाळून.

काचेवरचे ओरखडे हे जुन्या धुतलेल्या स्लाईडवर असतात, त्यात फ्यूशिन साठून राहतं. ते लांब, सरळ, एकाच दिशेने जाणारे, एका फिल्डमधून दुसऱ्यात जाणारे असतात आणि पेशींच्या खालच्या पातळीवर फोकस होतात. म्हणूनच वर म्हटलं की स्लाईड नवीन घ्या, शिवाय धुतलेल्या स्लाईडवर आधीच्या पेशंटचे जंतूसुद्धा चिकटून राहू शकतात.

अन्नाचे कण, धागे, परागकण हे जाडजूड असतात, माप जुळत नाही, पेशंटने जेवल्यावर चूळ न भरता बेडका दिला की हे फार येतं. यीस्ट गोल किंवा अंडाकृती असतं. आणि एक जे दिसायला हुबेहूब असतं कारण ते खरंच ॲसिड-फास्ट असतं, ते म्हणजे नळाच्या पाण्यातले पर्यावरणातले मायकोबॅक्टेरिया. रंग बनवायला डिस्टिल्ड पाणीच वापरायचं ते यासाठी. एका दिवसाच्या सगळ्या स्लाईडवर एकेक-दोनदोन जंतू दिसायला लागले आणि निगेटिव्ह कंट्रोलवरही दिसले, तर गावात साथ नाही आली, पाणी किंवा तेल बघा.

तसंच ३+ स्लाईडच्या लगेच नंतरची स्लाईड जर "स्कॅन्टी १" आली तर थांबायचं. लेन्सवरच्या तेलातून जंतू पुढे गेलेले असू शकतात. लेन्स पेपरने पुसायची (प्रत्येक स्लाईडनंतर पुसायचीच), आणि त्या नमुन्याचा नवीन स्मिअर करून परत बघायचं. नुसतं तीच स्लाईड परत बघून उपयोग नाही कारण जंतू तिच्यावर आता आहेतच.

शंभर फिल्ड का

आता दुसरा प्रश्न, थांबू का. उत्तर: शंभर फिल्ड होईपर्यंत नाही.

हिशोब बघा. आयपीसवर १८ किंवा २० असा एक आकडा असतो, तो फिल्ड नंबर. त्याला लेन्सच्या १०० ने भागलं की एका फिल्डचा व्यास मिमीमध्ये मिळतो, म्हणजे २० असेल तर ०.२ मिमी. अशा फिल्डचं क्षेत्रफळ साधारण ०.०३ चौरस मिमी, आणि ३ बाय २ सेंमीचा स्मिअर ६०० चौरस मिमीचा, म्हणजे पूर्ण स्मिअरमध्ये १९ हजारांच्या आसपास फिल्ड बसतात. आपण शंभर बघतो, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. शंभर फिल्डमध्ये एक जंतू सापडला तर स्लाईडवर अंदाजे १९० आहेत. बेडक्याच्या एका मिलीमध्ये ५ ते १० हजार जंतू असतील तेव्हा कुठे ते मायक्रोस्कोपला सापडायला लागतात, त्याखाली असले तरी स्मिअर निगेटिव्हच.

समजा स्लाईडवर खरं प्रमाण शंभर फिल्डमागे ३ जंतू असं आहे आणि ते बऱ्यापैकी विखुरलेले आहेत. पूर्ण शंभर बघितले तर एकही न सापडण्याची शक्यता ५ टक्के. पन्नास बघून उठलात तर २२ टक्के. वीसच बघितले तर ५५ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. स्कॅन्टी स्लाईड निगेटिव्ह का सुटतात त्याचं बहुतेक उत्तर या तीन आकड्यांत आहे, डोळे कमजोर नसतात, फिल्ड कमी बघितलेले असतात.

फिल्ड बघायचे कसे, तर स्मिअरच्या डाव्या टोकापासून मधल्या रेषेत उजवीकडे सरळ जायचं. एक फिल्ड संपला की त्याची उजवी कड डावीकडे जाईपर्यंत स्टेज सरकवायची, म्हणजे तोच भाग दोनदा येत नाही. व्यास ०.२ मिमी असेल तर २ सेंमीत १०० फिल्ड होतात, म्हणजे ३ सेंमीच्या स्मिअरची एक पूर्ण लांबी वाचली की शंभर होऊन वर उरतात. फिल्ड रिकामा किंवा धुवून गेलेला असेल, एकही पेशी नसेल, तर तो मोजायचा नाही. टोकाला पोचलात आणि शंभर झाले नसतील तर वर किंवा खाली सरकून उलटं परत यायचं, शेत नांगरतात तसं. इकडेतिकडे उड्या मारत "चांगले वाटणारे" फिल्ड निवडले की मोजणीला अर्थ राहत नाही.

नीट वाचली तर निगेटिव्ह स्लाईडला निदान ५ मिनिटं लागतात. म्हणूनच एका माणसाने दिवसाला २०-२५ झेडएन स्लाईडपेक्षा जास्त वाचू नयेत असं मानतात. रजिस्टरमध्ये एकाच्या नावावर तासाभरात तीस निगेटिव्ह दिसले तर काय झालं असेल ते सांगायला नको.

ग्रेडिंग

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जे वापरतात ते असं:

निगेटिव्ह: १०० फिल्डमध्ये एकही एएफबी नाही.
स्कॅन्टी: १०० फिल्डमध्ये १ ते ९, आणि नेमका आकडा लिहायचा.
१+: १०० फिल्डमध्ये १० ते ९९.
२+: दर फिल्डमागे सरासरी १ ते १०, निदान ५० फिल्ड बघून.
३+: दर फिल्डमागे सरासरी १० पेक्षा जास्त, निदान २० फिल्ड बघून.

इथे लोक अडकतात ते एका जागी, वरचे दोन ग्रेड "शंभर फिल्डमध्ये एकूण" आहेत आणि खालचे दोन "एका फिल्डमध्ये सरासरी". पण पट्टी एकच आहे. शंभर फिल्डमध्ये १०० जंतू म्हणजे फिल्डमागे १, म्हणजे १+ संपून २+ सुरू. शंभरात १००० म्हणजे फिल्डमागे १०, त्याच्या पुढे ३+. प्रत्येक ग्रेड आधीच्याच्या साधारण दहापट आहे. त्यामुळे ९५ का १०१ याच्यावर डोकं आपटू नका, पण ९ आणि ९०० यात गल्लत होता कामा नये.

दुसरं, सरासरी म्हणजे सरासरी. एका फिल्डमध्ये १५ जंतूंचा गुच्छ दिसला की लगेच ३+ लिहून मोकळे होणारे आहेत. वीस फिल्ड मोजा. वीसमध्ये एकूण २६० आले, सरासरी १३, मग ३+ आणि तिथे थांबलात तरी चालेल. वीसमध्ये १८० आले, सरासरी ९, म्हणजे ३+ नाही, मग पन्नासपर्यंत जायचं. दुसऱ्या एखाद्या स्लाईडवर पन्नासमध्ये एकूण ११२, सरासरी सव्वादोनच्या आसपास, २+. आणि पन्नासमध्ये ३० च आले तर सरासरी ०.६, एकापेक्षा कमी, म्हणजे २+ बसत नाही, शंभर पूर्ण करायचे. थोडक्यात जंतू जितके कमी तितकं जास्त बघायचं.

मोजायला कागदावर फिल्डमागे आकडा लिहा किंवा हातातला काउंटर वापरा, पण "अंदाजे बरेच" असं मनात धरून ग्रेड देऊ नका. जंतू एकमेकांवर पडले असतील आणि दोन टोकं वेगळी दिसत असतील तर वेगळे मोजायचे.

एक पूर्ण उदाहरण

समजा एका पेशंटचे दोन नमुने आलेत, एक तिथल्या तिथे दिलेला आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळचा. पहिला थोडा पातळ आहे, पण १० एक्सवर बऱ्यापैकी पेशी दिसतायत, म्हणून चालेल.

पहिली स्लाईड. डावीकडून सुरुवात, ३८ फिल्ड काहीच नाही. एकोणचाळिसाव्यात पांढऱ्या पेशींच्या घोळक्याच्या कडेला एक लाल काडी, जराशी वाकलेली, आत तीन गडद ठिपके. नॉब हलवला, पेशींच्याच पातळीवर फोकस होते, चकाकत नाही. एक. पंचेचाळिसाव्यात एक लांब सुईसारखी, जवळजवळ काळपट, फोकस पेशींच्या वर. स्टेज सरकवून कडेबाहेर बघितलं, तिथे तशीच अजून एक. स्फटिक, मोजायचं नाही, आणि तेवढ्यावरून पहिल्या काडीवरही शंका घ्यायची नाही कारण तिची लक्षणं वेगळी होती. बावन्नाव्यात दोन काड्या व्ही सारख्या, टोकं स्पष्ट, दोन. एकूण तीन. पुढे ७०, ७१, ८८ आणि ९६ मध्ये एकेक. शंभरला एकूण सात. रिपोर्ट: स्कॅन्टी ७. नुसतं "स्कॅन्टी" नाही. आकडा लिहिला तरच तपासणाऱ्याला कळतं की ही एक जंतूवर टेकलेली स्लाईड आहे की जवळजवळ १+ आहे.

याच स्लाईडवर ३९ च्या आधी, म्हणजे ३० वर उठला असता, तर रिपोर्ट निगेटिव्ह गेला असता.

सकाळचा नमुना दाट, पिवळा. नवव्याच फिल्डमध्ये सहा जंतू एकत्र, बघणाऱ्याला वाटतं २+ तरी असणार. पण पुढचे बरेच फिल्ड रिकामे, पन्नासला एकूण २३. सरासरी अर्ध्यापेक्षा कमी, म्हणून पुढे चालू. शंभरला ५१. रिपोर्ट: १+. दोन्ही नमुन्यांचे निकाल वेगवेगळे लिहायचे, सरासरी काढायची नाही, आणि पॉझिटिव्ह लाल पेनने. दोन नमुन्यांत एका ग्रेडचा फरक अगदी नेहमीचा आहे, रात्रभर साठलेला बेडका जास्त घट्ट असतो.

आणि जर पहिल्या स्लाईडवर शंभरात एकच जंतू सापडला असता तर? एकही जंतू पक्का असेल तर ती स्लाईड स्कॅन्टी १, निगेटिव्ह नाही. पण लिहिण्याआधी मी अजून एक लांबी वाचतो आणि शेजारच्या माणसाला त्याच फिल्डवर थांबवून दाखवतो, जमलं तर नवीन स्मिअर करतो. पाच-दहा मिनिटांत एखाद्याची सहा महिन्यांची औषधं ठरणार असतील तर तेवढा वेळ काढावाच.

एलईडी फ्लोरेसन्स असेल तर

ऑरामाइनने रंगवलेल्या स्लाईडवर काळ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळे-हिरवे चमकतात, तेल लागत नाही, फिल्ड मोठा, त्यामुळे वाचन बरंच लवकर होतं. पण झेडएनचे आकडे तिथे जसेच्या तसे लावायचे नाहीत, ही चूक अजूनही होते. ४०० एक्सवर एक लांबी म्हणजे ४० फिल्ड, त्यात १ ते १९ आले तर स्कॅन्टी, २० ते १९९ आले तर १+, फिल्डमागे सरासरी ५ ते ५० असेल तर २+ आणि ५० च्या वर ३+. २०० एक्सवर फिल्ड आणखी मोठा म्हणून आकडे आणखी वेगळे, तेव्हा आपल्या मायक्रोस्कोपसमोर त्याच मॅग्निफिकेशनचा तक्ता चिकटवून ठेवा. इथेही आकार बघायचा, नुसती चमक नाही, धूळसुद्धा चमकते. रंगवलेल्या स्लाईड अंधारात ठेवायच्या आणि लवकर वाचायच्या, उजेडात चमक उतरते.

स्लाईड काय सांगत नाही

एएफबी दिसला म्हणजे टीबीचाच जंतू असं मायक्रोस्कोप सांगू शकत नाही. टीबी नसलेले मायकोबॅक्टेरिया अगदी तसेच दिसतात. आपल्याकडे टीबी एवढा आहे की थुंकीत दिसलेला एएफबी बहुतेक टीबीचाच निघतो, पण रिपोर्टमध्ये "एएफबी दिसले" एवढंच लिहायचं. औषधांना दाद देतो की नाही तेही कळत नाही.

जंतू जिवंत की मेलेला हेही कळत नाही, आणि फॉलोअपला हे फार महत्त्वाचं. दोन महिने औषध घेतल्यावर १+ ची स्लाईड स्कॅन्टी ४ झाली तर ते मेलेले जंतूही असू शकतात, औषध चालत नाहीये हेही असू शकतं. ते ठरवायचं काम आपलं नाही, पुढच्या टेस्टचं आणि डॉक्टरांचं आहे. आपण मात्र "औषध चालूच आहे, चारच तर आहेत" असं म्हणून ती निगेटिव्ह लिहायची नाही. फॉलोअपच्या स्लाईडवर शंभर फिल्ड तर पूर्ण वाचायचेच, कारण तिथे जंतू कमीच असणार.

वाचून झाल्यावर

स्लाईडवर निकाल लिहायचा नाही. तेल घासून पुसायचं नाही, टिश्यूवर पालथी टेकवून शोषून घ्यायचं, मग रजिस्टरच्या नंबराप्रमाणे बॉक्समध्ये लावायची, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वेगळं न करता. नंतर यातल्याच काही स्लाईड उचलून निकाल न सांगता दुसऱ्याकडून परत वाचून घेतात. १+ किंवा त्यावरची स्लाईड निगेटिव्ह दिली असेल, किंवा निगेटिव्हला १+ किंवा त्यावर दिलं असेल, तर ती मोठी चूक धरतात. स्कॅन्टीच्या बाबतीत तसं झालं तर छोटी. एका ग्रेडचा फरक, म्हणजे तुम्ही १+ आणि त्यांनी २+, ही चूक धरतच नाहीत, पण १+ आणि ३+ असेल तर मोजणीची चूक म्हणून लागते. छोट्या चुका, म्हणजे स्कॅन्टी सुटलेल्या, सारख्या येत असतील तर आधी फिल्ड किती वाचले जातात ते बघायचं. मोठ्या चुका येत असतील, म्हणजे २+ सुद्धा निगेटिव्ह गेली असेल, तर रंग, लेन्स किंवा नंबरांची अदलाबदल, या क्रमाने शोधायचं, कारण २+ स्लाईड नुसत्या घाईने सुटत नाही.